कोण काय बोलणार? दोघांच्या पिचमधली वाटणी

दोन भागीदारांनी मिळून स्टार्टअप काढला की पिचची वाटणी बहुधा पदावरून होते. सीईओ असेल त्याने समस्या, बाजार, पैसा आणि मागणी सांगायची, सीटीओने मधली दोन मिनिटं घेऊन यंत्र किंवा अॅप दाखवायचं. दिसायला ही वाटणी नीट दिसते. पण ऐकणाऱ्यांचा निर्णय बोलण्यावर होत नाही, तो प्रश्नांत होतो. प्रश्न पद बघून येत नाहीत, विधान बघून येतात. म्हणून वाटणी करताना स्लाइड कोणाची, हे आधी ठरवू नये. हे विधान केल्यावर समोरच्याने तीनदा ‘कशावरून?’ विचारलं, तर आपल्यापैकी कोण उभा राहील, ते आधी ठरवावं.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका कल्पित जोडीवरून पाहू. कल्पित असली तरी व्यवसाय खरा आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर बल्क मिल्क कूलर असतात, ज्यांना सगळे बीएमसी म्हणतात. संध्याकाळचं दूध त्यात ओततात, ते चार अंशांपर्यंत थंड होतं आणि सकाळी टँकर येऊन उचलतो. रात्री लाइट गेली, जनरेटर सुरू झाला नाही आणि ऑपरेटरला जाग आली नाही, तर सकाळी दूध आंबलेलं निघतं. आपल्या जोडीने एक छोटं यंत्र केलं आहे. ते कूलरचं तापमान आणि वीज या दोन्हींवर लक्ष ठेवतं आणि गडबड झाली की ऑपरेटरच्या मोबाइलवर फोन लावतं. भागीदारांपैकी एकाने दहा-बारा वर्षं एका दूध संघात संकलन अधिकारी म्हणून काढली आहेत. दुसरी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर आहे, चाकणच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं बनवत होती. केंद्रांवर त्यांना जसं हाक मारतात तसंच आपणही म्हणू: दादा आणि ताई. कागदोपत्री दादा सीईओ, ताई सीटीओ.

समजा, एका इन्क्युबेटरच्या समितीपुढे त्यांना दहा मिनिटं बोलायचं आहे आणि नंतर वीस मिनिटं प्रश्न आहेत. अर्ज केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेसारख्या अनुदानाचा आहे. २०२१ मध्ये आलेल्या त्या योजनेत नमुना यंत्र, चाचण्या अशा कामांसाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली होती. हे अनुदान एकरकमी मिळत नाही. ठरलेले टप्पे पूर्ण होतील तसं हप्त्याहप्त्याने येतं. त्यामुळे समितीपुढे जे बोलाल तेच पुढे टप्पा म्हणून गळ्यात पडतं. ही गोष्ट पैशांच्या भागाकडे आलो की कामाला येईल.

पहिलं काम म्हणजे स्लाइड बाजूला ठेवायच्या आणि पिचमधली विधानं एकाखाली एक लिहून काढायची. शीर्षकं नकोत, पूर्ण वाक्यं हवीत, कोणी खोडून काढू शकेल अशी. ‘समस्या’ हे विधान नाही. ‘दीड हजार लिटर दूध असलेला कूलर एका रात्रीत गेला तर ३४ रुपये दराने ५१ हजारांचं नुकसान होतं आणि ते केंद्रचालकाच्या अंगावर येतं’ हे विधान आहे. दहा मिनिटांच्या पिचमध्ये अशी पंधरा-वीस विधानं निघतात. जास्त निघाली तर पिचच जास्त भरलेलं आहे, असं समजा.

मग प्रत्येक विधानापुढे दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता, आपल्याला ते कशावरून माहीत आहे ते लिहायचं. स्वतः केलंय, समोर घडताना पाहिलंय, कागद हातात आहे, कोणाकडून ऐकलंय की कुठेतरी वाचलंय? विश्वासार्हतेची उतरंड साधारण याच क्रमाने लागते. ‘केलंय’ आणि ‘वाचलंय’ यांतलं अंतर अनुभवी परीक्षकाला दुसऱ्याच प्रश्नाला कळतं. ‘केलंय’ म्हणणाऱ्याच्या उत्तरात विचारलेल्यापेक्षा एखादा बारकावा आपोआप जास्त येतो. ‘वाचलंय’ म्हणणाऱ्याचं उत्तर पहिल्या वाक्याचीच पुनरुक्ती करतं, फक्त आवाज थोडा चढतो.

वरच्या ५१ हजारांच्या विधानावर ही परीक्षा करून पाहू. कशावरून नुकसान केंद्राचं, संघाचं का नाही? दादा सांगेल, की टँकर भरण्याआधी कूलरमधला नमुना तपासतात. दूध उकळून बघितलं आणि फाटलं, की तो कूलर जागेवरच नाकारला जातो आणि संघाच्या वहीत ते दूध चढतच नाही. असं किती वेळा होतं? दादा सांगेल, की वर्षभर सारखं होत नाही. एप्रिल-मे मध्ये आणि वळवाच्या पावसात तारा तुटतात तेव्हा होतं. जनरेटर असतो, पण त्याची बॅटरी उतरलेली असते. मग विमा का नाही? इथे तो थोडा थांबेल, पण सांगेल, कारण हा वाद त्याने स्वतः ऐकलेला आहे. तीनही ‘कशावरून’ पार झाले. विधान दादाचं.

आता दुसरं विधान घेऊ: ‘वीज गेल्यावर दोन मिनिटांत फोन लागतो.’ यावर समितीतला एखादा प्राध्यापक विचारेल, की तापमानाचा सेन्सर तर आहेच, मग वीज वेगळी बघायची गरज काय? दादाला उत्तर माहीत आहे असं त्याला वाटतं. तो म्हणेल, ‘लाइट गेल्याचं लगेच कळावं म्हणून.’ हे उत्तर चुकीचं नाही, पण पोकळ आहे. ताईचं उत्तर वेगळं येईल. वीज गेली की दूध ढवळणारा पंखाही थांबतो. थंडावा टाकीच्या तळातून येतो, त्यामुळे तळाचं दूध थंडच राहतं आणि नुकतंच ओतलेलं कोमट दूध वर तरंगत राहतं. सेन्सर खाली असेल तर तो बराच वेळ ‘सगळं ठीक’ दाखवत राहील आणि वर दूध आंबायला लागलेलं असेल. म्हणून एकट्या तापमानावर विसंबता येत नाही. हे तिला कळलं, कारण पहिल्या नमुन्यात तिचा स्वतःचा सेन्सर तिथे फसला होता. या उत्तरानंतर प्राध्यापक यंत्राबद्दल आणखी खोदत नाही. दादाच्या उत्तरानंतर त्याने बराच वेळ खोदलं असतं.

इथवर वाटणी पदांप्रमाणेच झाली, असं कोणी म्हणेल. खरं आहे. वाटणीची गंमत पुढे आहे, जिथे एकच विषय दोघांत चिरावा लागतो.

किंमत हा तसा विषय. यंत्र १८ हजारांना, शिवाय महिन्याला ५०० रुपये. रूढ वाटणीत हा पैशाचा मुद्दा, म्हणजे सीईओचा. पण या एका वाक्यात दोन विधानं दडलेली आहेत. यंत्र बनवायला ११,२०० रुपये लागतात, हे एक. केंद्र किंवा संघ १८ हजार देईल, हे दुसरं. पहिल्यावर कोणी विचारलं की शंभर नग केले तर खर्च किती उतरेल, तर उत्तर ताईकडे आहे. कोणता सुटा भाग शंभराच्या खाली स्वस्त मिळत नाही आणि डबी साच्यात ओतून घेणं कधी परवडतं, हे तिने पुरवठादारांशी बोलून ठेवलं आहे. दुसऱ्यावर विचारलं की ऑपरेटर लिटरमागे कमिशनवर जगतो, तो १८ हजार कुठून देणार, तर ते फक्त दादाला माहीत आहे. कूलर कोणाच्या मालकीचा, दुरुस्तीचा खर्च कोण सोसतो, संघाची खरेदी समिती कधी बसते, बिल निघायला किती महिने लागतात, हे त्याचं रोजचं काम होतं. म्हणून किंमत दादाने सांगायची आणि खर्च ताईने. दोन्ही एकाच स्लाइडवर असले तरी चालतात. एका स्लाइडवर दोघांनी बोलू नये, असा कुठलाही नियम नाही.

प्रयोगाचे आकडे ही सर्वांत धोक्याची जागा. आठ महिने, चौदा केंद्रं, रात्रीचे एकूण ४१ फोन गेले. त्यांतले २३ खऱ्या बिघाडाचे होते, बाकीचे लाइट क्षणभर लपकल्याचे. २३ पैकी ९ वेळा टाकीत दूध होतं आणि फोन गेल्यावर जनरेटर सुरू झाला. दादाच्या तोंडी ‘नऊ’ बसलेलं असतं, कारण ती नऊ केंद्रं त्याला नावानिशी आठवतात. ताईच्या तोंडी ‘तेवीस’, कारण तिच्या नोंदींत तेवीस आहेत. पिचमध्ये एकाने नऊ म्हटलं आणि प्रश्नात दुसरीने तेवीस म्हटलं, की दोघंही खरं बोलत असून खोटी ठरतात. तो डाग मग पुसला जात नाही. म्हणून आकड्याचा मालक एकच हवा. इथे ती ताई, कारण या आकड्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: ‘कसं मोजलं?’ तिने ४१, २३ आणि ९ हे तिन्ही आकडे एका दमात, काय काय वगळलं ते सांगून मांडायचे. मग दादाने त्या नवांपैकी एका रात्रीचं सांगायचं: फोन किती वाजता गेला, कोण उठलं, जनरेटर का सुरू होत नव्हता. दादाने आकडा उच्चारायचाच नाही. विचारला तरी, ‘आकडे त्यांच्याकडे आहेत.’

याच ठिकाणी जोडीच्या मनात ‘आम्ही चार लाखांचं दूध वाचवलं’ असं लिहिण्याचा मोह असतो. नऊ गुणिले कूलरमधलं दूध, गुणिले दर. पण फोन गेला नसता तर नवाच्या नऊ वेळा दूध नासलंच असतं, हे कशावरून? दोघांपैकी कोणीही हे तिसऱ्या ‘कशावरून’पर्यंत नेऊ शकत नाही. अशी विधानं प्रत्येक पिचमध्ये दोन-तीन निघतात आणि ती वाटणीत कोणाकडे द्यायची यावर जोड्या तासभर घालवतात. बहुतेक वेळा ती ज्याचा आवाज खणखणीत त्याच्याकडे जातात. माझं मत सरळ आहे: जे विधान दोघांनाही पेलत नाही ते कोणालाच देऊ नये, ते छोटं करावं. चार लाख काढून टाका, नऊ रात्री ठेवा. महाराष्ट्रात एकूण किती कूलर आहेत, हा आकडाही तसाच. कुठल्याशा अहवालातून उचललेला असतो आणि त्याच्या मागे कोणी उभं नसतं. त्याऐवजी दादा ज्या तीन संघांच्या संकलन विभागाशी बोललाय, त्यांच्याकडे किती कूलर आहेत ते सांगा. बाजार लहान दिसेल, पण कोणी विचारलं तर दादा कोणता मार्ग, कोणतं केंद्र इथपर्यंत खाली उतरू शकेल.

मागणीचा आकडा कोणी उच्चारायचा? सीईओने, असं सगळीकडे सांगतात. हप्त्याने मिळणाऱ्या अनुदानात मला ते पटत नाही. साठ नवी यंत्रं, प्रत्येकी ११,२०० प्रमाणे ६ लाख ७२ हजार, हा भाग ताईने सांगावा, कारण सहा महिन्यांत साठ यंत्रं तयार होतील की नाही, हे वचन तिला पाळायचं आहे. साठ केंद्रांची परवानगी आणि बसवणूक हा दादाचा टप्पा. एकूण रक्कम कोणीही सांगा, पण प्रत्येक टप्पा ज्याने पुरा करायचा त्याच्या तोंडून येऊ द्या. समितीतले लोक नंतर त्याच माणसाला फोन करणार असतात.

वाटणी ठरली की क्रम लावायचा. इथे एक अडचण येते. प्रत्येक विधान त्याच्या मालकाला दिलं तर बोलणं सारखं इकडून तिकडे उडत राहील आणि ऐकणाऱ्याला कोणाकडे बघावं ते कळणार नाही. दहा मिनिटांत दोनदा हस्तांतर झालं तर पुरे, फार तर तीनदा. आपल्या जोडीत दादा सुरुवात करतो: समस्या, कोणाचं नुकसान, आज केंद्रावर काय उपाय करतात. मग ताई: यंत्र, प्रयोगाचे आकडे, खर्च. मग परत दादा: ती एक रात्र, किंमत, विक्री कशी होणार. शेवटी दोघंही आपापले टप्पे. विधानं मालकाकडे राहावीत म्हणून क्रम बदलावा लागला तर बदला. प्रयोगाचे आकडे खर्चाच्या आधी आले की नंतर, याने कोणाचं बिघडत नाही. तीन मिनिटांचं पिच असेल तर मात्र वाटणी सोडून द्या. एकानेच बोलावं आणि दुसऱ्याने प्रश्नांपासून पुढे यावं. तेवढ्या वेळात हस्तांतर करण्यातच लय जाते.

हस्तांतराचं वाक्यही तयार ठेवा आणि त्यात पुढच्याची ओळख उरकून टाका. ‘आता आमच्या सीटीओ तंत्रज्ञान सांगतील’ याने काहीच मिळत नाही. ‘हे यंत्र त्यांनी स्वतः बनवलंय आणि चौदाही केंद्रांवर स्वतः बसवलंय, पुढचं त्या सांगतील’ म्हटलं की ताईच्या पहिल्या वाक्याआधीच तिला ऐकण्याचं कारण समोरच्याला मिळतं. शेवटी टीमची स्लाइड दाखवून पदव्या सांगायला उशीर झालेला असतो. तोवर लोकांनी कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवलेलं असतं.

प्रश्नांच्या वीस मिनिटांत खरी परीक्षा शांत बसणाऱ्याची असते. एकाने उत्तर दिल्यावर दुसऱ्याने ‘म्हणजे त्यांना असं म्हणायचंय की...’ म्हणत सुरू केलं, की पहिल्याचं उत्तर अपुरं होतं हे तुम्हीच जाहीर केलं. भर घालायची तर एकदाच, आणि तीही नवी माहिती असेल तरच. समजावून सांगण्यासाठी भर घालू नये. चूक झाली असेल, समजा दादाने २३ च्या जागी ३२ म्हटलं, तर ताईने ताबडतोब, एका वाक्यात दुरुस्त करावं: ‘तेवीस.’ बस. त्यावर हसू नये, माफी मागू नये, खुलासा करू नये.

प्रश्न चुकीच्या माणसाकडे आला तर? यात एक गोष्ट जाणूनबुजून सांभाळावी लागते. स्त्री आणि पुरुष अशी जोडी असेल तर यंत्राचे प्रश्नही पुरुषाकडे बघून विचारले जातात, हे अनेक जोड्यांना अनुभवाने माहीत आहे. प्रश्नांचा सूरही बदलतो. डॅना कान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यू यॉर्कमधल्या एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतले प्रश्न तपासले होते. पुरुष संस्थापकांना किती वाढाल अशा धर्तीचे प्रश्न जास्त आले, स्त्री संस्थापकांना नुकसान कसं टाळाल अशा धर्तीचे. दादाने अशा वेळी उत्तराला हात घालूच नये. ‘बॅटरीचं गणित त्यांचं आहे’ एवढं म्हणून ताईकडे बघावं. लांबलचक ‘खरं तर हा प्रश्न माझ्यापेक्षा...’ नको. पहिल्या दोन वेळा असं झालं की तिसरा प्रश्न आपोआप योग्य ठिकाणी जातो. आणि ताईला ‘हे बंद पडलं तर?’ असा प्रश्न आला, तर ते कसं बंद पडणार नाही एवढंच सांगून थांबू नये. पुढच्या वाक्यात साठ केंद्रांवर त्याचं काय होणार, तेही सांगावं.

काही परीक्षक मात्र चुकीच्या माणसाला मुद्दाम विचारतात. त्यांना बघायचं असतं, की उद्या ताई सोडून गेली तर दादाला यंत्राबद्दल काय कळतं. म्हणून वाटणी खोलीची करायची, माहितीची नाही. प्रत्येक विधानावरचं पहिलं ‘कशावरून’ दोघांनाही देता आलं पाहिजे. दुसरं आणि तिसरं मालकाकडे जाईल. सेन्सर खाली असला तर फसतो, एवढं एक वाक्य दादाला यायलाच हवं. ‘ते मला माहीत नाही, त्यांना विचारा’ हे दोनदा झालं, की ही जोडी नाही, एक मालक आणि एक नोकर आहे, असं समितीला वाटू लागतं.

सराव आरशासमोर किंवा एकमेकांसमोर करू नका. एकमेकांना तुम्ही फार सांभाळून घेता. व्यवसाय माहीत नसलेला पण प्रश्न विचारायला न लाजणारा तिसरा माणूस बसवा, त्याच्या हातात ती विधानांची यादी द्या आणि कुठल्याही ओळीवर तीनदा ‘कशावरून’ विचारायला सांगा. फोनवर चित्रीकरण करा. नंतर बघताना शब्द ऐकू नका, डोळे बघा. उत्तर देताना बोलणारा ज्या क्षणी भागीदाराकडे बघतो, ते विधान चुकीच्या माणसाकडे आहे. ‘साधारणपणे’, ‘बघा ना’, ‘म्हणजे कसंय’ हे शब्द जिथे अचानक वाढतात, तिथेही तेच. यादीत ती ओळ दुसऱ्याच्या नावावर करा. त्याचेही डोळे हलले, तर ओळ छोटी करा किंवा काढून टाका.

समिती बदलली की यादी पुन्हा काढावी लागते. दूध संघाच्या संचालक मंडळापुढे तेच यंत्र मांडायचं असेल, तर तिथे दादाचं संकलनाचं ज्ञान समोरच्यांकडेही आहे, किंबहुना त्याच्यापेक्षा जास्त. तिथे नुकसानीवर चार मिनिटं घालवली तर सभासद घड्याळाकडे बघतील. तिथे बहुतेक वेळ ताईचा. दादाने खरेदी आणि देखभाल कशी चालेल तेवढंच बोलावं. आणखी सहा महिन्यांनी ताई स्वतः चाळीस केंद्रांवर जाऊन आली असेल, ऑपरेटर रात्री फोन सायलेंटवर टाकतात हे तिनेच शोधलं असेल, तर ते विधान आता तिचं. दादाने विक्रीचा पहिला करार स्वतः लिहिला असेल, तर कराराच्या अटी त्याच्या. कागदावर तारीख घालून ठेवली, की जुनी यादी घेऊन नव्या समितीपुढे उभं राहण्याची पाळी येत नाही.